टायर आणि रिम यांच्यामधली रेघ

सेसना १५२ आणि सेसना १७२ ही दोन विमानं शेजारी शेजारी उभी असली आणि आपण खाली वाकून त्यांच्या पंखांखालच्या चाकांकडे पाहिलं, तर दोघांच्याही टायरांवर एकच माप कोरलेलं दिसतं: ६.००-६. टायर साधारण सहा इंच रुंद आणि तो बसणार सहा इंची रिमवर, एवढाच त्याचा अर्थ. पण हवा भरायची वेळ आली की तिथे सारखेपणा संपतो. १५२ च्या या चाकांत २१ पीएसआय हवा लागते. १९७७ नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या १७२एन या विमानात २९ आणि आजच्या १७२एस मध्ये ४२. माप तेच, आतल्या थरांची ताकद कमीजास्त, आणि हवेचा आकडा थेट दुप्पट. विमानांच्या देखभालीचं काम शिकायला लागलो तेव्हा मला या तीन आकड्यांनी गोंधळात टाकलं होतं. आता शिकाऊ मुलांना टायर शिकवायची वेळ येते तेव्हा मी तिथूनच सुरुवात करतो, कारण हा आकडा टायरचा नसतो, विमानाचा असतो, हे त्यातून लगेच कळतं.

आकडा कुठून येतो ते पाहायला फार गणित लागत नाही. १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. त्यातलं थोडं नोजव्हीलवर जातं आणि उरलेलं दोन मुख्य चाकांवर, म्हणजे एकेका चाकावर सव्वातीनशे किलोच्या आसपास. हे वजन मुख्यतः आतली हवा पेलते. रबर आणि नायलॉनचे धागे त्या हवेला आकारात धरून ठेवतात, थोडा भार कडाही उचलतात, पण खरं काम हवेचं. २१ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दीड किलो. म्हणजे सव्वातीनशे किलो पेलायला टायरला जमिनीवर सुमारे २२० चौरस सेंटिमीटरचा ठसा उमटवावा लागतो. हवा १४ वर आली की तेवढ्याच वजनासाठी ठसा सव्वातीनशेच्या पुढे जातो. टायर तेवढा पसरतो, कडा तेवढ्या जास्त दुमडतात आणि चाक फिरताना प्रत्येक फेऱ्याला ती दुमड टायरभर फिरत राहते.

इथे डोळा फसतो. मोटारीचा टायर वजनाखाली आपल्या कडेच्या उंचीच्या दहा-पंधरा टक्के चेपतो. विमानाचा टायर पूर्ण भाराखाली जवळपास एक तृतीयांश चेपावा अशाच बेताने बनवलेला असतो, कारण उतरतानाचा धक्का त्यालाही पोटात घ्यायचा असतो. त्यामुळे योग्य हवा असलेला विमानाचा टायरही मोटारीच्या सवयीच्या डोळ्याला थोडा बसका वाटतो आणि एक तृतीयांश हवा गेलेला टायर त्याहून थोडासाच जास्त बसका. विद्यार्थी विमानाभोवती फेरी मारून येतो आणि सांगतो, “सर, टायर चांगला दिसतोय.” मी त्याच्या हातात गेज देतो. टायर चांगला दिसतो म्हणजे तो फाटलेला नाही, त्यात खिळा नाही, दोरे उघडे पडलेले नाहीत. हवा किती आहे हे दिसत नाही, ते मोजावंच लागतं.

कमी हवेचे दुष्परिणाम पुस्तकांत बरेच दिलेले असतात. टायरच्या मध्यापेक्षा दोन्ही खांदे लवकर झिजतात. दुमडीमुळे उष्णता वाढते आणि नायलॉनचे थर आतून कमकुवत होतात. मोठ्या जेट विमानांत ही उष्णताच सर्वांत घातक ठरते, कारण तिथे वजन अफाट, वेग मोठा आणि धावपट्टीपर्यंतचं अंतर काही किलोमीटरचं. ११ जुलै १९९१ ला जेद्दाहून निघालेल्या एका डीसी-८ विमानाच्या टायरांत हवा कमी होती. उड्डाणाच्या धावेत टायर फुटले, घासत गेलेल्या चाकाने पेट घेतला, ते चाक वर आत ओढलं गेलं आणि विमानातले सर्व २६१ जण दगावले. पण लहान विमानात, जिथे धाव छोटी आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, तिथे माझ्या मते उष्णतेपेक्षा आधी विचार करावा असा धोका दुसराच आहे. तो म्हणजे टायरने रिमवर जागा सोडणं.

टायर रिमला कशाने धरून ठेवलेला असतो, असं विचारलं तर बहुतेकांना पटकन उत्तर देता येत नाही. तिथे डिंक नसतो, खिळा नसतो, खाच नसते. टायरच्या आतल्या काठात पोलादी तारांचं एक कडं असतं, त्याला बीड म्हणतात. ते कडं रिमच्या बैठकीवर घट्ट बसतं आणि आतली हवा त्याला बाहेरच्या बाजूला रिमच्या काठावर दाबून धरते. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो आणि ती थंड होताना आवळून लाकडाला धरते, तशीच ही पकड आहे. फरक एवढाच की इथे आवळण्याचं बरंचसं काम रोज नव्याने हवेला करावं लागतं. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली होते, तसा हवा उतरली की टायर ढिला होतो. २१ चे १४ झाले तर हवेमुळे मिळणारी पकडही एक तृतीयांशाने गेली. म्हणजे हवेचा दाब दोन कामं करतो. एक, विमानाचं वजन उचलतो. दोन, टायरला रिमशी बांधून ठेवतो. पहिलं काम सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याकडे लक्ष जात नाही.

या पकडीची परीक्षा उतरताना होते. १५२ जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ४५ ते ५० नॉट, म्हणजे ताशी ८५-९० किलोमीटर असतो आणि चाकं स्थिर असतात. हवेत त्यांना फिरवायला काहीच नसतं. टेकल्याक्षणी धावपट्टी टायरला खेचते आणि क्षणार्धात त्याला मिनिटाला हजारेक फेऱ्यांच्या गतीवर आणते. आपल्याला ऐकू येणारा तो ‘चुईं’ असा आवाज आणि धुराचा छोटा झोत याच खेचाखेचीचा. पण जमिनीने हात घातलाय तो टायरला. रिम, ब्रेकची डिस्क, बेअरिंग हे सगळं धातूचं वजन अजून स्थिर आहे आणि त्याला गती द्यायची तर ती टायरमधूनच, त्या बीडच्या पकडीतून जाणार. पकड पुरेशी असेल तर टायर आणि रिम एकजीव होऊन फिरतात. कमी असेल तर टायर थोडा पुढे सरकतो आणि रिम मागे राहते.

ब्रेक लावला की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. ब्रेक रिमला धरतो. विमान पुढे जातच असतं, म्हणून जमीन टायरला अजून फिरवू पाहते. पुन्हा तेच: टायर पुढे, रिम मागे. मोटारीत इंजिन चाकाला फिरवतं तेव्हा रिम टायरला ढकलते आणि ब्रेक लावताना उलटं होतं, त्यामुळे दोन्ही दिशांचे झटके येतात. विमानाला पंखा ओढतो, त्याची चाकं स्वतः कधी विमान चालवत नाहीत. म्हणून उतरणं आणि थांबणं हे दोन्ही झटके टायरला एकाच बाजूला सरकवतात आणि सरकणं साठत जातं. आज पाव इंच, पुढच्या आठवड्यात अजून थोडं. आपोआप परत येणं नाही.

ट्यूब नसलेल्या टायरमध्ये याने फारसं बिघडत नाही. पण आमच्या बहुतेक लहान विमानांत ट्यूब असते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून बाहेर आलेला असतो. टायर सरकला की ट्यूब त्याच्याबरोबर जाते, कारण हवेने ती त्याला आतून चिकटलेली असते. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. ट्यूबचं रबर व्हॉल्व्हच्या मुळाशी ताणलं जातं, मग चिरतं, आणि एखाद्या उतरण्यात व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. ही गळती हळूहळू होत नाही. टायर एकदम बसतो, तोही विमान वेगात असताना आणि एकाच बाजूचा. विमान त्या बाजूला ओढलं जातं आणि पहिल्याच आठवड्यात एकटं उडणाऱ्या विद्यार्थ्याला ते धावपट्टीवर ठेवणं अवघड जातं.

यासाठी ती खूण असते. टायर बसवून हवा भरली की टायरच्या कडेवरून रिमच्या काठावर अशी एक पांढरी पट्टी रंगवायची, अर्धी रबरावर आणि अर्धी धातूवर. तिला क्रीप मार्क म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत तिची रुंदीही ठरलेली आहे: चोवीस इंचांपर्यंत व्यासाच्या टायरला एक इंच आणि त्याहून मोठ्याला दीड इंच. आमच्या टायरचा व्यास साडेसतरा इंच, म्हणून एक इंचाची पट्टी. ही रुंदी शोभेची नाही, तीच मर्यादा आहे. रबरावरचा अर्धा भाग आणि धातूवरचा अर्धा भाग थोडे सरकले तरी एकमेकांना शिवत असतील, तोवर चालेल. दोघांचा संबंध सुटला, म्हणजे टायर पट्टीच्या पूर्ण रुंदीएवढा सरकला, की चाक काढायचं, टायर उतरवायचा, ट्यूब आणि व्हॉल्व्ह पाहायचा. आमच्या रिमच्या काठावर एक इंच म्हणजे पंधरा अंशांच्या आसपास, आणि व्हॉल्व्हच्या मुळाला तेवढा पीळ फार झाला.

मला या पट्टीचं मोल वाटतं ते एका कारणासाठी. गेज आजची हवा सांगतो. काल संध्याकाळी किती होती, मागच्या सोमवारी कुणी भरली, मधल्या काळात विमान कमी हवेवर किती वेळा उतरलं, हे गेजला माहीत नसतं. एखाद्याने सकाळी घाईने हवा भरून आकडा बरोबर केला की गेजच्या दृष्टीने सगळं ठीक. पट्टी मात्र सरकलेलीच राहते. उलटही खरं आहे. विमान महिनाभर उभं असेल तर हवा उतरलेली असू शकते आणि पट्टी मात्र जागच्या जागी असते, कारण सरकायला उतरावं लागतं. म्हणून एकावर भागत नाही, दोन्ही पाहावी लागतात.

हवा मोजायची ती थंड टायरमध्ये, उतरल्यानंतर दोन-तीन तासांनी किंवा सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधी. हा नियम सगळे पाठ म्हणतात, पण लहान विमानात तो किती महत्त्वाचा आहे हे क्वचित समजावून सांगितलं जातं. तापमान तीन अंशांनी बदललं की दाब एक टक्क्याने बदलतो, असा ठोकताळा आहे. पण तो टक्का गेजवरच्या आकड्याचा नाही, एकूण दाबाचा आहे, म्हणजे बाहेरच्या वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवून. मोठ्या जेटच्या टायरमध्ये २०० पीएसआय असतात, तिथे १४.७ मिळवल्याने फारसा फरक पडत नाही. आमच्या १५२ मध्ये गेजवर २१ म्हणजे एकूण ३५.७. फेब्रुवारीत आपल्याकडे पठारावर दुपारी ३४ अंश आणि पहाटे १२ अंश सहज असतात. दुपारी नेमकी २१ हवा भरली तर पहाटे गेज साडेअठराच्या जरा खाली दाखवतो. एक थेंब हवा गळलेली नाही आणि तरी आठव्या हिश्शाएवढा दाब गेला. ४२ च्या टायरमध्ये तेवढ्याच थंडीने जाणारं प्रमाण कमी असतं. जितका दाब लहान, तितकी हवामानाची लुडबुड मोठी. एप्रनवर विमान आडवं उभं असेल तर उन्हाच्या बाजूचा टायर आणि सावलीच्या बाजूचा टायर दोन वेगळे आकडे देतात, तेही याच कारणाने. अशा वेळी सावलीतल्या टायरमध्ये हवा भरून दोघांना सारखं करू नये. सकाळपर्यंत थांबावं.

आता एक चाक जवळून दाखवतो. एका प्रशिक्षण संस्थेतलं १५२ होतं, रोज उडणारं. धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे नव्हता, त्यामुळे उतरल्यावर टोकाशी जाऊन विमान वळवायचं आणि त्याच धावपट्टीवरून परत यायचं. वळण डावीकडे, कारण चालवणारा डावीकडे बसतो आणि त्याला कडा त्या बाजूला दिसते. डावा ब्रेक दाबून धरला की विमान त्या चाकाभोवती वळतं. दिवसभरात हे कितीतरी वेळा. डाव्या टायरचा खांदा उजव्यापेक्षा आधी झिजायचा, त्यात नवल नव्हतं. एका सकाळी पट्टीचा रबरावरचा अर्धा भाग पुढच्या दिशेला अर्धा इंच सरकलेला दिसला. गेजवर १६. हवा २१ केली आणि नोंद केली: तारीख, दाब, सरकणं अर्धा इंच, दिशा पुढे. टायर नवा होता आणि नवा टायर पहिल्या काही उतरण्यांत थोडा सरकून बसतो, हे मान्य आहे. मग तो स्थिरावतो. म्हणूनच किती सरकला हे मोजून लिहायचं, म्हणजे थांबला की चालूच आहे ते कळतं.

तो थांबला नव्हता. पुढच्या काही दिवसांत हवा पुन्हा उतरली आणि पट्टीचे दोन भाग जेमतेम एकमेकांना शिवत राहिले. शिवाय व्हॉल्व्ह रिमच्या भोकात सरळ उभा नव्हता, एका बाजूला झुकलेला होता. मर्यादा ओलांडलेली नव्हती, पण कललेला व्हॉल्व्ह दिसला की मी पट्टीची वाट पाहत नाही. साबणाचं पाणी लावलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक बुडबुडे येत होते. म्हणजे आतली छोटी कळ, जिला आम्ही व्हॉल्व्ह कोअर म्हणतो, ती नीट बसत नव्हती.

विमान जॅकवर घेतलं. आधी कोअर काढून सगळी हवा सोडली. रिम दोन अर्धकांची असते, बोल्टांनी जोडलेली, आणि आत हवा असताना ते बोल्ट सैल केले तर दोन अर्धकं माणसाच्या अंगावर फुटतात. हे मी प्रत्येक वेळी मोठ्याने सांगतो, समोर कितीही अनुभवी माणूस असला तरी. अर्धकं वेगळी झाल्यावर ट्यूब बाहेर आली. व्हॉल्व्हच्या मुळाशी रबर ताणून पांढुरकं झालेलं आणि एका बाजूने नखाएवढी चीर गेलेली, अजून आरपार नव्हती. रिमच्या बैठकीवर, जिथे बीड बसतो तिथे, धातू चकचकीत घासलेला आणि काळी रबराची पूड. आणि त्या पुडीत पांढरी शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली.

ही भुकटी ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये लावतात, ट्यूबला सुरकुत्या पडू नयेत आणि ती चिकटून बसू नये म्हणून. हलक्या हाताने, अगदी पातळ. कुणीतरी मूठभर ओतली होती आणि ती बीडच्या बैठकीपर्यंत पसरली होती. ज्या जागी पकड हवी तिथे घसरण पेरली गेली होती. कारणं दोन होती. गळकी कळ दाब खाली आणत होती आणि भुकटी उरलीसुरली पकड घालवत होती. यातल्या एकाच कारणाने कदाचित हे चाक महिनोन्महिने चाललं असतं. दोन्ही मिळून त्यांनी व्हॉल्व्ह तुटायच्या वाटेवर आणला होता.

बैठक स्पिरिटने पुसली, रबर आणि धातू दोन्ही. नवी ट्यूब घातली. टायरवर एक लाल ठिपका असतो, ती त्याची हलकी बाजू. ट्यूबवर जड बाजूची खूण असेल तर ती त्या ठिपक्याशी, नसेल तर व्हॉल्व्ह ठिपक्याशी जुळवतात, म्हणजे चाक तोलात राहतं. बोल्ट चाकावर छापलेल्या टॉर्कला आवळले. मग हवा भरली, पूर्ण सोडली आणि पुन्हा भरली. हे सोडणं-भरणं टाळलं तर ट्यूब कुठेतरी घडी घालून बसते आणि तीच घडी पुढे कापते. रात्रभर चाक तसंच ठेवलं. नवा टायर पहिल्या दिवसात ताणतो, टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये अडकलेली हवाही निघून जाते, म्हणून सकाळी आकडा खाली आलेला असतो आणि तो बरोबर केल्यावरच चाक विमानाला लावायचं. शेवटी जुनी पट्टी रबरावरून आणि रिमवरून पूर्ण खरवडून पुसली आणि नवी ओढली. पुढे त्या चाकाची पट्टी सुरुवातीला किंचित हलली आणि मग हलली नाही.

जास्त हवा भरून ठेवली तर हे सगळं टळेल का, असं मुलं विचारतात. हँगरमध्येही कुणीतरी सुचवतंच, “साहेब, पाच पॉइंट जास्त भरू, महिनाभर बघायला नको.” पकड वाढेल हे खरं. पण १५२ च्या मुख्य पायांत तेलाचे धक्काशोषक नाहीत, पोलादी दांडे आहेत, आणि धक्का घेण्यात टायरचा वाटा मोठा आहे. टणक टायरवर विमान उसळतं, उसळलेल्या विमानाला विद्यार्थी पुन्हा आपटतो. ठसा लहान होतो, त्यामुळे टायरचा मधला भाग झिजतो आणि ब्रेक लावला की चाक लवकर जाम होऊन टायर एकाच जागी घासून सपाट होतो. पुढच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, १५२ मध्ये ३०, आणि तोही मनाने बदलायचा नाही. ब्रेक लागला की विमानाचं वजन पुढे झुकतं आणि त्या लहान टायरवर येतं. तो बसका असेल तर पंख्याची टोकं जमिनीच्या जवळ येतात.

पावसाळ्यात आकड्याला आणखी एक अर्थ येतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक साधं सूत्र रूढ झालं: दाबाचं वर्गमूळ घ्या, त्याला नऊने गुणा, आणि जो वेग नॉटमध्ये येईल त्याच्या वर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू शकतो. २१ पीएसआयला तो वेग येतो ४१ नॉट आणि १४ ला ३४. आमचं विमान टेकतंच त्याहून जास्त वेगाने, त्यामुळे ओल्या धावपट्टीवर सुरुवातीचा टप्पा तसाही बेभरवशाचा असतो. हवा कमी असेल तर तो टप्पा लांबतो, ब्रेकला जमीन मिळायला विमान आणखी सात नॉटने मंद व्हावं लागतं, आणि जुलैत पाणी साचलेल्या छोट्या धावपट्टीवर तेवढी जागा असेलच असं नाही. पाण्यावरून घसरत आलेलं जाम चाक अचानक कोरड्या डांबरावर आलं की रिमला बसणारा झटकाही मोठा असतो. पावसाळ्यात पट्ट्या पाहताना मी अधिक वेळ घेतो तो यासाठी.

आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगतो, कारण ती मी वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली आहे. तपासणी जवळ आली, पट्टी सरकलेली दिसली, आणि कुणीतरी चाक न उघडता जुन्या पट्टीवर कापड फिरवून नवी पट्टी ओढली. कागद स्वच्छ झाला, टायर तिथेच राहिला, पिळलेल्या व्हॉल्व्हसकट, आणि आता त्याच्याविषयी सांगणारं काहीच उरलं नाही. टायरमध्ये हवा कमी ठेवणं हा निष्काळजीपणा आहे. ही रेघ पुसून पुन्हा काढणं त्याहून वाईट, कारण पुढच्या माणसाने नीट पाहिलं तरी त्याला काही दिसणार नाही. रेघ फक्त चाक उघडून पुन्हा बसवल्यावरच नवी काढायची, दुसऱ्या कुठल्याही वेळी नाही.

उडायला शिकणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. विमानाभोवती फेरी मारताना पट्टी दिसली नाही तर ती नाही असं समजू नका. बहुतेक वेळा ती टायरच्या खालच्या बाजूला गेलेली असते किंवा चाकावरच्या आवरणाने झाकलेली. दोघांनी मिळून विमान फूटभर पुढे ढकला, पट्टी वर येऊ द्या. दोन्ही चाकांची पाहा, व्हॉल्व्ह सरळ आहे का ते पाहा, आणि दोन भाग सुटलेले दिसले तर चावी परत करून इंजिनिअरला बोलवा. त्या दिवशीचं उड्डाण गेलं तरी चालेल.